सूट नाकारली, शेठ राखले: एका मसाला कारखान्याचं प्रकरण

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत कांदा-लसूण मसाला तयार करणारा एक छोटा कारखाना आहे. त्याचे हिशेब मी पाहतो. कारखाना ताई चालवतात आणि बँक, बिलं, उधारी हे सगळं त्यांच्या दिरांकडे असतं. पाकिटांसाठी लागणारा छापील लॅमिनेटचा, म्हणजे थर चिकटवलेल्या प्लास्टिक फिल्मचा, रोल पुण्याचे एक शेठ बरीच वर्षं पुरवतात. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात या शेठचा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला: नेहमीच्या ५०० किलोऐवजी १,५०० किलोची ऑर्डर दिलीत तर किलोला ३०० रुपयांऐवजी २७६ रुपये लावतो, म्हणजे आठ टक्के सूट. अट एवढीच, की पूर्ण रक्कम २८ मार्चच्या आत जमा व्हावी.

ताईंनी ही सूट घेतली नाही. पण शेठशी व्यवहार सुरूच राहिला आणि पुढे त्यातूनच वेगळ्या अटींवर एक करार झाला. नकार द्यायचा हे हिशेबावरून तासाभरात ठरलं. तो कसा द्यायचा, यावर मात्र दीर-भावजयीचं दोन दिवस चाललं होतं.

आधी हिशेब, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कारखान्याला महिन्याला साधारण २०० किलो लॅमिनेट लागतं. नेहमीची ५०० किलोची ऑर्डर अडीच महिने पुरते आणि माल आल्यावर ३० दिवसांनी पैसे द्यायचे असतात. १,५०० किलो घेतलं तर ते साडेसात महिने पुरणार. किलोमागे २४ रुपये वाचणार, म्हणजे एकूण ३६,००० रुपये. आकडा बघून कुणालाही घ्यावंसं वाटेल, दिरांनाही वाटलंच.

आता पैसे कधी जातात ते बघा. २७६ च्या दराने माल ४,१४,००० चा, वर १८ टक्के जीएसटीचे ७४,५२०. एकूण ४,८८,५२० रुपये मार्चअखेर द्यायचे. नेहमीच्या रीतीने हेच तीन ऑर्डरींत गेलं असतं तर पहिल्याचे पैसे मेच्या मध्यावर, दुसऱ्याचे जुलैअखेर आणि तिसऱ्याचे ऑक्टोबरच्या मध्यावर द्यावे लागले असते. म्हणजे सगळी रक्कम सरासरी चार महिने आधी हातातून जाते. कारखान्याच्या कॅश क्रेडिटला, म्हणजे लागेल तसं उचलायच्या कर्जाला, बँक ११ टक्के व्याज लावते. त्या दराने चार महिन्यांचं व्याज साधारण १८,००० होतं. वाचणाऱ्या ३६,००० पैकी निम्मे इथेच संपले. जीएसटीचं क्रेडिट मिळतं हे खरं, पण मसाल्याच्या विक्रीवर कर ५ टक्के आणि पाकिटावर १८, त्यामुळे ते क्रेडिट एकदम घेतलं की नुसतं साठून राहतं.

उरले १८,०००. छापील माल पडून राहण्याची जोखीम पेलायची ती या १८,००० वर. २७६ ने भागलं तर ६५ किलो येतात. म्हणजे १,५०० किलोतले ६५ किलो कुठल्याही कारणाने वाया गेले की सूट शून्य. शंभर किलोत साडेचार किलोही नाही.

वाया जाण्याचं कारण तर समोरच होतं. पुण्याच्या वितरकाने मिठाचं प्रमाण कमी करा म्हणून टुमणं लावलं होतं आणि ताई त्याच्या चाचण्या घेत होत्या. पाकिटावर घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. मीठ कमी झालं आणि सुक्या खोबऱ्याच्या खाली गेलं की यादीचा क्रम बदलतो, पोषणमूल्यांचा तक्ताही बदलतो. मग जुन्या छपाईचा रोल नवीन मालाला वापरता येत नाही. हा निर्णय जूनपर्यंत होणार नव्हता आणि शेठचा माल एप्रिलमध्ये येऊन पडला असता.

याशिवाय रोल साठवायचे कुठे हाही भाग होता. लॅमिनेट खराब होत नाही असं लोक धरून चालतात, पण उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ते एकावर एक रचून ठेवलं की थर एकमेकांना चिकटू लागतात, खालच्या रोलची पुठ्ठ्याची नळी दबून लंबगोल होते आणि मशीनवर रोल हिसके देत फिरतो. फार दिवस ठेवलेल्या फिल्मचा पृष्ठभागही बदलतो. ती मशीनवर जास्त घसरते किंवा अडकते आणि पाकिटाची शिवण कमजोर बसते. ऑपरेटर तापमान वाढवून काम निभावतो, पण त्यात पाकिटं वाया जातात आणि ती कुठल्याच हिशेबात दिसत नाहीत.

हे सगळं बाजूला ठेवलं तरी पैसे नव्हते, आणि खरा नकार तिथेच होता. मसाल्याच्या धंद्यात जानेवारी ते एप्रिल हा मिरचीचा काळ. संकेश्वरी आणि ब्याडगी याच दिवसांत बाजारात येते. रंगासाठी ब्याडगी आत्ताच घेऊन शीतगृहात ठेवली नाही, तर पावसाळ्यानंतर त्याच मिरचीला साठवणुकीचं भाडं आणि व्यापाऱ्याचा नफा धरून पैसे मोजावे लागतात. कारखान्याच्या कॅश क्रेडिटची मर्यादा ४० लाखांची, त्यातले ३६ लाख मिरचीत गेलेले. उरलेल्या चारांपैकी तीन लाख ब्याडगीच्या शेवटच्या खरेदीसाठी राखलेले. शेठना हवे होते जवळपास पाच लाख. बसतच नव्हतं.

दीर म्हणाले, "सरळ सांगू या, गोडाउनला जागा नाही. कुणाला वाईट वाटत नाही त्यात."

ऐकायला हा सभ्य मार्ग वाटतो आणि बहुतेक लोक तोच धरतात. पण या प्रकरणात तो सगळ्यात महाग पडला असता. शेठचं भिवंडीला गोडाउन आहे. जागा नाही म्हटल्यावर ते लगेच म्हणणार, "ताई, माल मी ठेवतो की. तुम्ही लागेल तसा उचला." आता काय बोलणार? जागेचा प्रश्न त्यांनी सोडवलाय आणि तुमच्याकडे नकाराचं दुसरं कारण तयार नाही. मग दुसरं कारण काढायचं, तेही त्यांनी सोडवलं की तिसरं. दुसऱ्या कारणापाशीच समोरच्याला कळतं की पहिलं खोटं होतं. पुढच्या वेळी तुम्ही खरंच जागा नाही म्हणून सांगितलंत तरी ते दर आणखी थोडा खाली आणून बघतील, कारण तुमच्या कारणांना किती वजन द्यायचं ते त्यांना कळलेलं असतं.

म्हणून ताईंनी एक कसोटी लावली आणि ती मला पटली. जे कारण शेठनी दूर केलं तर आपण खरोखर हो म्हणू, तेवढंच त्यांना सांगायचं. शेठनी जागा दिली असती तरी त्या हो म्हणणार नव्हत्या, म्हणजे जागा हे कारण नव्हे. शेठनी आगाऊ रकमेची अट काढली आणि छपाई जूननंतर केली तर त्या नक्की विचार करणार होत्या. तर मग कारणं ही दोनच: हंगामात अडकलेला पैसा आणि न ठरलेलं डिझाईन.

पैशाची तंगी पुरवठादाराला सांगावी का, यावर दिरांचा आक्षेप होता आणि तो चुकीचा नव्हता. बाजारात बोलणं फिरतं. आज पुण्यात सांगितलं की यांचा हात आखडलाय, उद्या दुसरा उधारीला कां कूं करतो. पण सांगण्या-सांगण्यात फरक असतो. "आमच्याकडे पैसे नाहीत" आणि "मार्चमध्ये आमचा पैसा मिरचीत असतो, दरवर्षीच असतो" या दोन वाक्यांत माहिती जवळपास तीच आहे. पहिल्यातून अडचण ऐकू येते, दुसऱ्यातून धंद्याची पद्धत. आणि शेठना ती ठाऊकच होती. मसाल्याचे कारखाने त्यांचे गिऱ्हाईक आहेत, मार्चमध्ये या सगळ्यांचे पैसे कुठे असतात ते त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळतं. बँकेच्या मर्यादेचा आकडा मात्र ताईंनी कुठेही उच्चारला नाही, आणि तो उच्चारूही नये.

दिरांनी आणखी एक सुचवलं होतं. सूट नको, त्याऐवजी ९० दिवसांची उधारी मागू. हे जमण्यासारखं नव्हतं. शेठचा कारखाना लघुउद्योग म्हणून नोंदलेला आहे आणि २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात अशा पुरवठादाराला पैसे देण्याची मुदत आपसांत ठरवली तरी ४५ दिवसांच्या पुढे जात नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. समोरच्याला जे देता येत नाही ते मागून नकार सौम्य होत नाही. उलट आपल्याला नियम माहीत नाहीत एवढंच कळतं.

तिसरी सूचना सगळ्यात मोहाची होती. २७६ चा निरोप अहमदाबादच्या दुसऱ्या पुरवठादाराला पाठवायचा आणि म्हणायचं, बघा, हा दर मिळतोय. ताईंनी ती ऐकूनही घेतली नाही. माझं मत थोडं कोरडं आहे. दुसरीकडून दर मागवण्यात गैर काही नाही, तो मागवावाच. पण १,५०० किलो आणि पूर्ण आगाऊ रकमेचा दर ५०० किलोच्या उधारीच्या ऑर्डरीसाठी दाखवणं ही तुलनाच खोटी आहे, आणि फिल्मच्या धंद्यात असा निरोप फिरून मूळ माणसापर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

आता शेठच्या बाजूने बघू. त्यांनी ही सूट उपकार म्हणून दिली नव्हती. ग्रॅव्ह्युअर छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो. सगळे सिलिंडर चढवून रंग एकमेकांवर बरोबर बसेपर्यंत जी फिल्म वाया जाते ती ५०० किलोच्या छपाईलाही तेवढीच जाते आणि १,५०० लाही तेवढीच. त्यामुळे मोठ्या ऑर्डरीत त्यांचा खरोखर खर्च वाचतो आणि त्यातला वाटा ते देऊ शकतात. बाकीची सूट मार्चअखेरची होती. त्यांनाही फिल्मवाल्यांची देणी आणि बँकेचा हिशेब ३१ तारखेला दाखवायचा होता. म्हणजे आठ टक्क्यांची ती एक सूट दिसत असली तरी आत तीन तुकडे होते: मोठी छपाई, आगाऊ पैसे आणि मार्च. ताईंना पहिल्या तुकड्यात रस होता, दुसरा झेपत नव्हता आणि तिसऱ्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. हे वेगळं करून पाहिल्यावर नकार कशाला द्यायचा आणि दार कुठलं उघडं ठेवायचं ते आपोआप दिसलं. दर नाकारायचा नव्हता, अट नाकारायची होती.

मार्चच्या तुकड्यामुळे आणखी एक गोष्ट ठरली. उत्तर लवकर द्यायचं. शेठकडे २८ तारखेपर्यंत मशीनचे ठरावीकच दिवस होते. आपण हो म्हणणार नसू तर ते दिवस त्यांना दुसऱ्या गिऱ्हाइकाला देता यावेत. "बघतो, कळवतो" म्हणून २७ तारखेपर्यंत लटकवून मग नाही म्हणणं हा खरा अपमान. धंद्यातल्या लोकांना नकाराचं फारसं वाटत नाही, तिष्ठत ठेवल्याचं वाटतं. निरोप आल्यापासून तिसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी फोन केला. निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर आला असला तरी नकार फोनवरच द्यायचा, हा त्यांचा आग्रह होता. मी शेजारी बसलो होतो.

"नमस्कार शेठ. तुमच्या निरोपाचं उत्तर द्यायला फोन केला. दीड टनाचं या वेळी जमणार नाही."

पहिल्या दोन वाक्यांत नकार झाला होता. घरच्यांची चौकशी, पाऊसपाणी, मग हळूच मुद्द्यावर येणं हे त्यांनी केलं नाही. नाहीतर गोड बोलणं लांबलं की समोरचा होकार धरून बसतो.

शेठ म्हणाले, "का ओ ताई? दर जास्त वाटला का?"

"नाही नाही, दराबद्दल काहीच म्हणणं नाही. चांगला दिलाय तुम्ही. मार्चमध्ये आमचा पैसा मिरचीत असतो, तुम्हाला माहीतच आहे. आगाऊ काही देता येत नाही. आणि २०० ग्रॅमच्या पाकिटाचं डिझाईन जूनपर्यंत बदलेल असं वाटतंय, तोवर जास्त छापून घेण्यात अर्थ नाही."

दराबद्दल काहीच म्हणणं नाही, हे वाक्य बोलावं का, याविषयी माझं आणि ताईंचं आजही जुळत नाही. माझ्या मते खरेदीदाराने "दर चांगला आहे" असं स्वतःहून म्हटलं की पुढच्या घासाघिशीत एक पत्ता कमी होतो. त्यांचं म्हणणं, ते म्हटलं नसतं तर शेठ दर आणखी खाली आणत बसले असते आणि प्रत्येक वेळी आपल्याला नव्याने नाही म्हणावं लागलं असतं. या प्रसंगापुरतं त्यांचं बरोबर ठरलं, कारण शेठ दराच्या वाटेला गेले नाहीत. ते अटीच्या वाटेला गेले.

"बरं, मग असं करू. एक टन घ्या. पाच टक्के देतो, २८५ लावतो. निम्मेच आगाऊ द्या, बाकीचे माल आल्यावर."

हा दुसरा प्रस्ताव पहिल्यापेक्षा अवघड असतो. समोरचा दोन पावलं मागे सरकलाय, आता आपणही एक पाऊल पुढे यावं असं मनातून वाटतं, आणि फोनवर हिशेब करता येत नाही. मी कागदावर आकडे मांडायला घेतले होते. १,००० किलोवर १५,००० वाचत होते, त्यातले साधारण साडेसात हजार व्याजात जात होते आणि उरलेले संपवायला पंचवीसेक किलो माल वाया जाणं पुरेसं होतं. निम्मी रक्कम करासह १,६८,००० च्या वर जात होती. ब्याडगीचे तीन लाख बाजूला काढल्यावर बँकेत एकच लाख मोकळा होता.

माझा कागद पूर्ण व्हायच्या आत ताईंनी उत्तर दिलं होतं. त्यांना आकड्यांची गरज पडली नाही, कारण पहिलं कारण खरं होतं आणि तेच पुन्हा लागू होत होतं.

"शेठ, तुम्ही एवढं ओढून बसवताय त्याबद्दल खरंच आभार. पण आगाऊ हाच प्रश्न आहे, निम्मे असोत की पूर्ण. हे मार्चचं राहू दे. आमची नेहमीची ५०० किलोची ऑर्डर एप्रिलमध्ये नेहमीच्याच दराने लागेल, ती धरून चाला. आणि जूनमध्ये डिझाईन ठरलं की मीच तुम्हाला फोन करते. तेव्हा मोठी छपाई करून माल टप्प्याटप्प्याने घ्यायचं काही जमतंय का ते बोलू."

या शेवटच्या चार वाक्यांत दार उघडं ठेवण्याचं सगळं काम झालं आहे, म्हणून त्यांच्याकडे जरा नीट बघू. नेहमीची ऑर्डर नेहमीच्या दराने लागेल, हे सांगितल्यामुळे शेठना कळलं की २७६ आणि २८५ ऐकलेत म्हणून ताई एप्रिलमध्ये ३०० वर घासाघीस करणार नाहीत. विक्रेत्याला सूट देताना ही एक भीती कायम असते, की आज अटीवर दिलेला दर उद्या बिनअटीचा मागितला जाईल. ती भीती काढली की तो पुढच्या वेळीही मोकळेपणाने प्रस्ताव आणतो. जून हा महिना आणि "मीच फोन करते" यामुळे पुढचं बोलणं कुणी सुरू करायचं हे ठरलं. शेठना दर आठवड्याला "काय झालं ताई?" विचारत बसावं लागलं नाही. आणि "बोलू" म्हटलं, "घेऊ" म्हटलं नाही. पुढच्या वेळी नक्की घेऊ, असं सांगणारे खूप असतात. ते सभ्य वाटतं, पण ते वचन आहे. शेठ ते वहीत लिहून ठेवतात आणि जूनमध्ये ऑर्डर आली नाही तर ते मोडलेलं वचन ठरतं.

फोननंतर अर्ध्या तासात ताईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी निरोप पाठवला. शेठच्या कार्यालयात दर लावणारी मंडळी वेगळी आहेत, त्यांच्यापर्यंतही तेच जावं म्हणून.

"नमस्कार शेठ. सकाळी बोलल्याप्रमाणे, दीड टनाच्या आणि एक टनाच्या अशा दोन्ही प्रस्तावांबद्दल आभार. हंगामात आमची रक्कम मिरचीच्या खरेदीत असल्याने आगाऊ रकमेची ऑर्डर आता देता येणार नाही. २८ तारखेपर्यंतचे मशीनचे दिवस आमच्यासाठी राखून ठेवू नयेत. ५०० किलोची नेहमीची ऑर्डर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पाठवतो, दर व मुदत पूर्वीप्रमाणेच. २०० ग्रॅमच्या पाकिटाचं नवीन डिझाईन जूनमध्ये निश्चित होईल, तेव्हा वर्षभराच्या अंदाजासह मी फोन करते."

मशीनचे दिवस राखून ठेवू नयेत, हे वाक्य दिरांना उद्धट वाटलं होतं. मला ते सबंध निरोपातलं सगळ्यात सभ्य वाक्य वाटतं. शेठचं उत्तर आलं तेव्हा त्यात एक हात जोडलेला इमोजी होता आणि "ओके ताई" एवढंच.

पुढे सगळं लोण्यासारखं झालं असं नाही. एप्रिलची ऑर्डर आठवडाभर उशिरा आली. शेठ नाराज होते म्हणून आपली ऑर्डर मागे सरकली, की मार्चच्या आगाऊवाल्यांचा माल आधी काढायचा होता म्हणून, हे कळायला मार्ग नव्हता. दीर चिडून फोन करणार होते. ताईंनी फक्त गाडी कधी निघेल एवढंच विचारलं. आगाऊ पैसे देणाऱ्याचा माल आधी निघणार, हे धरूनच आपण नाही म्हटलं होतं, असं त्यांचं म्हणणं. पैसे मात्र त्यांनी बरोबर तिसाव्या दिवशी पाठवले. नकारानंतरच्या पहिल्या बिलाला उशीर झाला असता तर हंगामात पैसा मिरचीत असतो या कारणाचा अर्थ शेठनी वेगळा लावला असता.

मिठाचा प्रश्न जूनच्या शेवटी सुटला. मीठ कमी झालं, घटकांची यादी बदलली आणि ज्या सिलिंडरवर मागच्या बाजूचा मजकूर होता तो नव्याने कोरावा लागणार हे ठरलं. मार्चमध्ये दीड टन घेतला असता तर यातला २०० ग्रॅमचा कितीतरी माल अजून शिल्लक असता. ताईंनी ठरल्याप्रमाणे फोन केला. सोबत वर्षाचा अंदाज दिला: २,४०० किलो, पाकिटानुसार विभागलेला. शेठना सिलिंडरचं काम मिळत होतं आणि वर्षाचा आकडा दिसत होता, त्यामुळे बोलणं मार्चपेक्षा वेगळ्या जागेवरून सुरू झालं.

बोलणी ऑगस्टपर्यंत रेंगाळली. शेवटी ठरलं ते असं. एका वेळी ८०० किलोची छपाई, त्यातले ४०० किलो लगेच आणि उरलेले ६० दिवसांच्या आत उचलायचे. आगाऊ काही नाही, प्रत्येक गाडीचं बिल वेगळं आणि मुदत ३० दिवसांची. दर २९० रुपये. मार्चच्या २७६ च्या मानाने हा जास्त आहे, आणि दिरांनी ते लगेच दाखवून दिलं. पण २,४०० किलोवर वर्षाला २४,००० रुपये वाचतात आणि त्यासाठी बँकेकडून एक रुपयाही आधी उचलावा लागत नाही. मार्चच्या सवलतीत व्याज जाऊन १८,००० उरत होते, तेही रोल एक किलोही वाया गेला नाही तर.

ताईंच्या या पद्धतीला मर्यादाही आहेत. शेजारच्याच पापडवाल्यांना त्या मार्चमध्ये तशीच सूट मिळाली होती आणि त्यांनी ती घेतली, बरोबरच केलं. त्यांचं डिझाईन कित्येक वर्षं बदललेलं नाही आणि मार्चमध्ये त्यांचे पैसे मोकळे असतात. तसंच, पुरवठादाराचा माल खराब म्हणूनच त्याच्याकडून पुन्हा घ्यायचं नसेल तर "जूनमध्ये बोलू" म्हणू नये. तिथे साधं "नको" पुरतं. उगाच उघड्या ठेवलेल्या दारातून माणूस दर महिन्याला येत राहतो आणि त्याचा वेळ आपण खातो.

करारातला एक मुद्दा मात्र बराच ताणला गेला. छापून झालेले पण न उचललेले ४०० किलो शेठच्या गोडाउनमध्ये असताना लेबलचा नियम किंवा घटक बदलले तर ते कुणाचे? शेठना ते सगळे ताईंच्या नावावर हवे होते. ताईंचं म्हणणं होतं, निम्मे-निम्मे. अखेर छापलेला माल ताईंनी घ्यायचाच, पण प्रत्येक छपाईआधी शेठनी डिझाईनचा नमुना पाठवून लेखी होकार घ्यायचा, यावर मिटलं. कच्च्या फिल्मचा भाव पाच टक्क्यांपेक्षा जास्त वर किंवा खाली गेला तर दोघांनी दर पुन्हा बघायचा, हेही त्याच कागदावर लिहिलं आहे.